लॉकर पाहिजे? मग आधी पॉलिसी घ्या!

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या काकांना असं सांगून लुबाडलं, म्हणून हे लिहितो आहे. बँकेचं नाव घेत नाही, कारण हे अनेक ठिकाणी चालतं.

मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं पंधरा तोळे सोनं घरी ठेवायची भीती वाटे, म्हणून काका तालुक्याच्या बँकेत गेले. तिथला माणूस म्हणाला, "काका, लॉकर शिल्लक नाही. पण वर्षाला पन्नास हजारांची ही पॉलिसी घेतली तर देतो. दागिन्यांचा विमाही त्यातच आला." कापसाचे पैसे नुकतेच हाती आले होते. काकांनी सही केली.

ती निघाली काकांच्या जिवाची विमा पॉलिसी. दागिन्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, पण खरा प्रकार पुढच्या हप्त्याची नोटीस आली तेव्हा कळला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँक लॉकरसाठी फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव मागू शकते. लॉकर रिकामा नसेल तर अर्ज घेऊन प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यायचा असतो. तो क्रमांक मागा. "लॉकर शिल्लक नाही" ही थाप असेल, तर तिथेच समजतं.

विम्याचंही तसंच. लॉकरमध्ये काय आहे याची बँकेकडे नोंद नसते आणि बँक त्याचा विमा काढत नाही. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे माल गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. काकांचं भाडं दीड हजार, म्हणजे दीड लाख. पंधरा तोळ्यांपुढे ती रक्कम काहीच नाही. पूर, वीज, भूकंप यांत नुकसान झालं आणि बँकेची हयगय नसेल, तर तेही नाही. दागिन्यांचा विमा हवा असेल तर सर्वसाधारण विमा कंपनीकडून वेगळा घ्यावा लागतो.

त्याच माणसाने लॉकर एकट्या काकांच्या नावावर केला होता. "किल्ली घरात असली म्हणजे झालं," म्हणे. काका सेवाग्रामला दवाखान्यात भरती झाले, दागिने मोडायची वेळ आली, तेव्हा काकू किल्ली घेऊन बँकेत गेल्या. उघडू दिलं नाही. "किल्ली माह्यापाशी हाये, नवरा माहा हाये, मंग कायले अडवता?" काकू विचारत राहिल्या. नियम मात्र बँकेच्या बाजूने होता. काकू नॉमिनी होत्या, पण नॉमिनीचा हक्क धारकाच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. जिवंतपणी उघडायला नाव संयुक्त हवं, आणि करारात 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' असं लिहिलेलं हवं.

काका बरे झाल्यावर आधी तो करार बदलून घेतला आणि त्याची प्रत मागून घेतली. पॉलिसीची लेखी तक्रार बँकेकडे दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाणार आहोत.