एचव्ही की आयव्ही: ऑप्शन विकण्याआधी कोणता फरक बघायचा?

निफ्टीचे ऑप्शन विकायला बसलेल्या माणसासमोर दोन आकडे असतात. एक ऐतिहासिक अस्थिरता, म्हणजे एचव्ही: गेल्या २० दिवसांत निर्देशांक रोज किती हलला, त्यावरून काढलेला वार्षिक टक्का. दुसरा गर्भित अस्थिरता, म्हणजे आयव्ही: ऑप्शनच्या आजच्या भावात पुढच्या हालचालीचा जो अंदाज दडलेला असतो, तो. पहिला झालेल्या गोष्टीचा हिशेब, तर दुसरा पुढच्या भीतीचा भाव. एनएसईचा इंडिया व्हीआयएक्स म्हणजे निफ्टीच्या ऑप्शन-भावांतून काढलेली पुढच्या ३० दिवसांची आयव्हीच.

या टक्क्यांचे पॉइंट करून बघितले की अर्थ लगेच कळतो. वर्षात साधारण २५२ ट्रेडिंग दिवस असतात आणि त्याचं वर्गमूळ जवळपास १६. म्हणून टक्क्याला १६ ने भागायचं. निफ्टी २४,००० वर आणि आयव्ही १४ असेल, तर बाजार रोज साधारण २१० पॉइंटची हालचाल धरून चाललाय. एचव्ही ११ असेल, तर प्रत्यक्षात ती १६५ च्या आसपास होती. ३० दिवसांचा ॲट-द-मनी स्ट्रॅडल, म्हणजे निफ्टीच्या चालू भावाच्याच स्ट्राइकचे कॉल आणि पुट एकत्र, १४ च्या आयव्हीला अंदाजे ७७० पॉइंटला जातो, ११ ला ६०५ ला. हे मधले १६५ पॉइंट विकणाऱ्याला खुणावतात. खरेदीदार इथे विम्याचा हप्ता भरत असतो आणि विमा नेहमी सरासरी नुकसानीपेक्षा थोडा महागच विकला जातो. बहुतेक महिन्यांत आयव्ही नंतरच्या प्रत्यक्ष हालचालीपेक्षा जास्त निघते, ती यामुळेच. विकणाऱ्याची कमाई म्हणजे हा जादा हप्ता.

पण स्क्रीनवर दिसतो तो आजची आयव्ही आणि मागची एचव्ही यांतला फरक. तुम्हाला मिळणारा हप्ता मात्र आजची आयव्ही आणि पुढची एचव्ही यांतला. या दोहोंत किती अंतर पडू शकतं, हे लोकसभा निकालाच्या आठवड्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

३ जून २०२४. एक्झिट पोलनंतर निफ्टी सव्वातीन टक्के वर चढून २३,२६४ ला बंद झाला. व्हीआयएक्स २१ च्या आसपास, २० दिवसांची एचव्ही साधारण १५. सहा टक्क्यांचा फरक, विकायला आकर्षक. दुसऱ्या दिवशी निफ्टी ५.९ टक्के पडला, जवळपास १,३८० पॉइंट. २१ च्या व्हीआयएक्सने धरलेली रोजची चाल होती तीनशेच्या आसपास. ३ जूनपासून पुढच्या २० दिवसांची प्रत्यक्ष अस्थिरता २६ च्या घरात गेली. म्हणजे स्क्रीनवर अधिक सहा आणि हाती उणे पाच. तो सहाचा फरक हप्ता नव्हताच. समोर उभ्या असलेल्या एका तारखेची ती किंमत होती, आणि तीही कमी पडली.

आता ४ जूनची संध्याकाळ बघा. व्हीआयएक्स २७ च्या जवळ आणि एचव्हीही तेवढीच, कारण त्या एका पडझडीनेच तिला वर नेलं होतं. स्क्रीनवर फरक शून्य. पण तिथून पुढच्या २० दिवसांची अस्थिरता १५ च्या आसपास राहिली. सगळ्यात मोठा हप्ता मिळाला तो फरक दिसतच नव्हता तेव्हा. अर्थात त्या संध्याकाळी विकायला मार्जिन शिल्लक असायला हवं होतं, आणि आदल्या दिवशी विकून बसलेल्याकडे ते नसतं.

एचव्हीचा आणखी एक दोष इथेच दिसतो. ४ जूनचा दिवस २० दिवसांच्या खिडकीत जुलै उजाडेपर्यंत अडकून राहिला. जूनअखेर व्हीआयएक्स १४ वर उतरला होता, तरी एचव्ही पंचविशीतच. ते पाहून "ऑप्शन स्वस्त झाले" असं म्हणत खरेदी करणारा फसतो. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात एचव्ही कोसळली, बाजारात काहीही न घडता. म्हणून मी २० दिवसांबरोबर ६० दिवसांची एचव्ही बघतो आणि एखाद्या दिवसाने आकडा फुगला असेल, तर तो दिवस वगळून पुन्हा काढतो.

ठरवताना माझा क्रम असा असतो. मुदतीच्या आत बजेट, निकाल किंवा रिझर्व्ह बँकेचं धोरण असेल, तर एचव्हीशी तुलनाच करत नाही. तसं काही नसेल, तर दोन्ही खिडक्यांच्या एचव्हीपेक्षा आयव्ही तीन-चार टक्के वर आहे का, ते बघतो. आणि स्ट्रॅडल उघडा ठेवत नाही. दोन्ही बाजूंना लांबचे कॉल-पुट विकत घेतो. लांबचे पुट आयव्हीत नेहमीच महाग असतात, म्हणून ७७० मधले शंभर-दीडशे पॉइंट तिकडे जातात. ते वजा करूनही भाव पटत असेल, तरच ऑर्डर टाकतो.