चहाचं आधण आणि मॅक्सवेल संबंध: F घ्यायची की G?

सोलापुरात टी.वाय.च्या मुलांना शिकवताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, चारही संबंध पाठ आहेत, पण गणितात लावायचा कुठला?" खरी निवड बहुतेक वेळा दोघांतच असते. उरलेल्या दोघांत एन्ट्रॉपी स्थिर धरावी लागते, आणि आपल्या हातात असतं तापमान.

```
dF = −S dT − P dV  ⇒  (∂S/∂V)_T = (∂P/∂T)_V
dG = −S dT + V dP  ⇒  (∂S/∂P)_T = −(∂V/∂T)_P
```

F आणि G दोन्ही अवस्थेवरच अवलंबून, म्हणून dF, dG एक्झॅक्ट. दुसरं विकलन कुठल्याही क्रमाने केलं तरी उत्तर एकच, एवढ्यावर दोन्ही ओळी उभ्या आहेत. चिन्ह पाठ करू नका: F मध्ये दोन्ही पदांना उणे आहे, ते एकमेकांना खातं, G मध्ये एकाच पदाला आहे, म्हणून ते उरतं. पेपरात गुण जातात ते इथेच.

द्रव असेल तर मी डोळे झाकून G घेतो. उजवीकडची राशी म्हणजे स्थिर दाबाखालचं प्रसरण, ते प्रयोगशाळेत सहज मोजता येतं. पाणी 4 अंशांच्या खाली तापवलं तर आकसतं, म्हणजे तिथे दाब वाढवला की एन्ट्रॉपी वाढते. ही गोष्ट अंदाजाने कुणी सांगितली नसती.

व्हॅन डर वाल्स वायूला मात्र F. समीकरण P साठी सोडवलेलंच असतं, उजवी बाजू लगेच R/(V−b) येते. G च्या वाटेने गेलात तर V साठी त्रिघाती समीकरण सोडवत बसाल.

आता चहाचं आधण. उकळताना G चा संबंध कोलमडतो: ठरावीक दाबाला त्याच तापमानावर आकारमान उडी मारतं, त्यामुळे दोन्ही बाजू अनंत होतात. F टिकते. तापमान तेच ठेवून 1 किलो पाण्याची वाफ केली, तर एन्ट्रॉपी L/T ने, म्हणजे 22.57 लाख जूल भागिले 373, सुमारे 6050 जूल प्रति केल्विन इतकी वाढते. आकारमान वाढतं सुमारे 1.67 घनमीटर. भागाकार केला की डावी बाजू मिळते: सुमारे 3600 पास्कल प्रति अंश. उजवी बाजू म्हणजे उकळण्याचा दाब तापमानागणिक किती वाढतो तो दर. हेच क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरण.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा 5300 पास्कलच्या आसपास कमी. 5300 भागिले 3600, म्हणजे जवळपास दीड अंश. आधणात घातलेला थर्मामीटर 98.5 वर थांबला, तर तो खराब आहे म्हणून बदलून मागू नका.