बोटं एकाची, हजेरी चौघांची

आमच्या गोदामात मालाची चढउतार कंत्राटी कामगार करतात. ठेकेदाराचं महिन्याचं बिल थंब मशीनच्या हजेरीवरून निघतं. जितक्या पाळ्या भरल्या, तितके पैसे. ती हजेरी तपासून बिल पुढे पाठवण्याचं काम माझ्याकडे आहे. या व्यवस्थेतून कित्येक महिने आमच्याकडून अशा तिघांच्या पाळ्यांचे पैसे जात होते, ज्यांनी गोदामात पाऊलही ठेवलं नव्हतं. मशीन बोटाचं आहे, त्यात प्रॉक्सी लागूच शकत नाही, असं अजूनही बरेच जण ठामपणे सांगतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला धागा सापडला तो बाहेर जाण्याच्या वेळांत. महिनाअखेरीचा जो हजेरीपट छापून येतो, त्यात फक्त तास आणि मिनिटं असतात. पाळी साडेतीनला सुटते, त्यामुळे वीस जणांसमोर 15:30 दिसलं तरी कुणाला खटकत नाही. सेकंद दिसतात ते कच्च्या पंच रिपोर्टमध्ये, आणि तो सहसा कुणी उघडत नाही. एका कामगाराच्या ओव्हरटाइमची तक्रार होती, म्हणून मी तो उघडला. 231, 236 आणि 240 या तीन नंबरांचे आऊट-पंच 15:30:00 असे होते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

एका मशीनवर हे होणं शक्य नाही. बोट ठेवायचं, मशीनने ते जुळवायचं, बीप वाजायचा, नाव दिसायचं, मग बोट उचलून पुढच्याने ठेवायचं. कितीही घाई केली तरी दोन माणसांत दोन-तीन सेकंद जातातच. शिवाय माणसाचा पंच कधी 15:31:08 असतो, कधी 15:33:47. रोज बरोब्बर शून्य सेकंदावर कुणाचंच बोट पडत नाही. शून्य सेकंद हा हाताने भरलेल्या नोंदीचा ठसा असतो, कारण सॉफ्टवेअरमधल्या ‘मिस पंच’च्या खिडकीत तास आणि मिनिटंच टाकता येतात, सेकंद आपोआप 00 होतात.

तरी एकसारखी वेळ दिसली की लगेच चोर पकडला, असं मानू नका. त्याच रिपोर्टमध्ये मला आणखी एक घोळका दिसला होता. चौदा जणांचे पंच एकाच सेकंदाला, 07:41:19. ते सगळे निर्दोष निघाले. त्या सकाळी मागच्या गेटवरच्या मशीनचं नेटवर्क बंद होतं. ते सुरू झाल्यावर साठलेले पंच एकदम सर्व्हरवर आले, आणि सॉफ्टवेअरने बोट लावल्याची वेळ न घेता नोंद पोहोचल्याची वेळ लिहिली. मशीनमधून पेनड्राइव्हवर काढलेल्या मूळ फाइलमध्ये चौदा जणांच्या चौदा वेगळ्या वेळा होत्या. दोन गेटांवरच्या दोन मशीनवर एकच सेकंद आला तर त्यातही काही विशेष नाही. म्हणून मशीन क्रमांकाचा रकाना पाहिल्याशिवाय आणि मूळ फाइलशी ताडून पाहिल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये.

आमच्या त्या तिघांचे आऊट-पंच मूळ फाइलमध्ये नव्हतेच. बोट लागलंच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या बदलनोंदीत पाहिलं तर सगळ्या नोंदी एकाच लॉगिनवरून भरलेल्या होत्या, आणि ते लॉगिन ठेकेदाराच्या मुकादमाचं होतं. राहिलेले पंच त्याचे त्यालाच भरता यावेत, म्हणून पूर्वी कधीतरी ते दिलं गेलं होतं.

पण गुंता इथेच सुरू झाला. आऊट-पंच खोटे असले, तरी तिघांचे इन-पंच मूळ फाइलमध्ये होते, तेही बोटाने लावलेले. मुकादमाचं म्हणणं असं की माणसं येतात, काम करतात, जाताना थंब लावायला विसरतात. ऐकायला पटण्यासारखंच होतं. म्हणून मी इन-पंच दिवसवार नव्हे, तर आधी मशीननुसार आणि मग वेळेनुसार क्रमाने लावले, आणि शेजारच्या रकान्यात आधीच्या पंचापासूनचं अंतर सेकंदांत काढलं. एक्सेलमध्ये वेळ B रकान्यात असेल, तर सूत्र एवढंच आहे:

```
=ROUND((B3-B2)*86400,0)
```

एका दिवसाचे 86400 सेकंद, म्हणून तो गुणाकार. तारीख आणि वेळ वेगवेगळ्या रकान्यांत असतील तर आधी दोन्हींची बेरीज करून एकच रकाना करा, नाहीतर दिवस बदलतो तिथे आकडे उलटे येतात. हे केल्यावर मुकादमाच्या 214 नंबरच्या आसपास असं दिसलं (शेवटचा रकाना अंतराचा):

```
214  06:52:11  312
231  06:52:17    6
236  06:52:22    5
240  06:52:28    6

214  06:55:40  247
231  06:55:45    5
236  06:55:51    6
240  06:55:56    5
```

पाच-सहा सेकंदांचं अंतर एरवी काहीच सांगत नाही. पाळी सुरू होताना रांग लागते, तेव्हा सगळ्यांचीच अंतरं अशी असतात. एका गाडीतून येणारी माणसंही एकापाठोपाठ थंब लावतात. मला थांबवलं ते दोन गोष्टींनी. एक तर त्यांच्या आधी चार-पाच मिनिटं मशीनवर कुणीच नव्हतं, म्हणजे रांग नव्हती. दुसरी गोष्ट त्यांचा क्रम. 214, 231, 236, 240. रोज हाच. सोबत येणारे चौघे चोवीस वेगवेगळ्या क्रमांनी मशीनपुढे उभे राहू शकतात, आणि खरी माणसं तशी राहतातही. एक फोनवर बोलत मागे राहतो, दुसरा पुढे घुसतो. महिनाभर एकदाही क्रम मोडत नाही, तेव्हा चार माणसं चालत आलेली नसतात, एकच माणूस ठरल्या क्रमाने बोटं बदलत असतो.

याहून पक्की खूण मुकादमाच्या रजांत मिळाली. तो ज्या दिवशी गैरहजर, त्या दिवशी 231, 236 आणि 240 हेही गैरहजर. एके दिवशी त्याला उशीर झाला आणि त्याचा पंच 07:24 ला पडला. त्या दिवशी हे तिघेही 07:24 लाच आले. बाकीची सगळी टोळी वेळेवर होती. मला वाटतं, ज्यांना एकच गोष्ट तपासायला वेळ आहे त्यांनी ही तपासावी. कुणाच्या रजेच्या दिवशी आणखी कोणकोण नेमानं गायब असतं, ते पाहा. सेकंद जुळणं योगायोग असू शकतं. रजा आणि लेटमार्क दोन्ही जुळणं योगायोग राहत नाही.

हे सगळं हातात आल्यावर कुणालाही विचारण्याआधी आम्ही एक काम उरकलं, आणि ते फार महत्त्वाचं ठरलं. मशीनमधली मूळ फाइल, युजरची यादी आणि कोणत्या नंबरवर कोणती बोटं नोंदवली आहेत ती माहिती काढून घेतली आणि मग मशीनच्या मेनूचा पासवर्ड बदलला. मेनूत शिरता येणाऱ्याला नोंदवलेलं बोट पुसायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि पंचांची साठवण रिकामी करण्याचा पर्यायही तिथेच असतो.

कॅमेऱ्याचं चित्रणही पाहिलं. त्याआधी मी स्वतः कॅमेऱ्यासमोर थंब लावून दोन्ही घड्याळांतला फरक काढला. कॅमेरा मशीनच्या तीन मिनिटं चाळीस सेकंद मागे होता. हा फरक काढला नाही, तर आपण भलत्याच माणसाचं चित्रण बघत बसतो. फरक धरून पाहिलं, तेव्हा पडद्यावर एकटा मुकादम होता. मशीनकडे तोंड करून उभा, खांदा थोडा हलतोय, आणि वीस सेकंदांत बाजूला झाला.

शेवटी मॅनेजर, ठेकेदार आणि आणखी दोन जण यांच्यासमोर मुकादमाला मशीनपुढे उभं केलं. “एकेक बोट ठेवा,” मॅनेजर म्हणाले. उजवी तर्जनी ठेवली, त्याचं स्वतःचं नाव आलं. उजवं मधलं बोट ठेवलं, 231 चं नाव आलं. अनामिका, 236. डावी तर्जनी, 240. प्रत्येक वेळी मशीन तितक्याच उत्साहानं ‘थँक यू’ म्हणत होतं. ठेकेदार काहीच बोलला नाही.

यात मशीनचा काही दोष नव्हता. एका व्यक्तीची दहा बोटं म्हणजे मशीनच्या लेखी दहा वेगळे ठसे. तेच बोट दुसऱ्या नंबरवर नोंदवायला गेलं तर बरीच मशीन अडवतात, पण शेजारचं बोट त्यांना परकंच वाटतं. नवीन माणसाचं बोट नोंदवण्याचं काम मुकादमाकडेच होतं, सकाळच्या घाईत सोयीचं पडतं म्हणून. त्याने नंबर दुसऱ्याचा घेतला आणि बोट स्वतःचं दिलं. त्या तिघांपैकी दोघं दुसरीकडे कामाला होती, तिसऱ्या नावाचा माणूस आम्हाला आजवर भेटलेला नाही.

उलट बाजूची चाचणी पुरेशी नसते, हेही सांगायला हवं. एखाद्या नंबरच्या माणसाला बोलावलं आणि मशीनने त्याचं बोट ओळखलं नाही, तर तेवढ्यावरून आळ घेऊ नका. सिमेंट, पुठ्ठा, दोरखंड हाताळणाऱ्यांच्या रेषा खरोखर झिजतात, ओल्या हातांनाही मशीन नाकारतं. अशी प्रामाणिक माणसं पिन किंवा कार्ड वापरतात. आमच्याकडे अशा दोघांची मी बाजू घेतली, कारण त्यांच्या वेळा रोज वेगळ्या होत्या, क्रम वेगळा होता आणि माल उतरवल्याच्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या सह्या होत्या. 231, 236 आणि 240 यांची एकाही चिठ्ठीवर सही नव्हती.

सिलिकॉनच्या नकली बोटाची गोष्ट वेगळी. 2013 मध्ये ब्राझीलमधल्या एका रुग्णालयात एक डॉक्टर सहा सिलिकॉनची बोटं घेऊन सहकाऱ्यांची हजेरी लावताना कॅमेऱ्यात सापडली होती. तिथे मशीनमधला ठसा खऱ्या माणसाचाच असतो, त्यामुळे बोटं तपासून काही हाती लागत नाही. पंचांमधली पाच-सहा सेकंदांची अंतरं, न मोडणारा क्रम आणि रजेचं जुळणं मात्र तिथेही दिसणारच, आणि पुरावा म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण लागेल. चेहऱ्याच्या मशीनवर बोटं बदलता येत नाहीत, पण भलत्या नावावर भलता चेहरा नोंदवता येतो.

ठेकेदाराने चालू महिन्याचं बिल कापून घेतलं. मागच्या महिन्यांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण करारात ‘सॉफ्टवेअरमधील हजेरी अंतिम मानली जाईल’ असं वाक्य होतं आणि त्याने त्यावरच बोट ठेवलं. आता नव्या करारात मूळ मशीन फाइल अंतिम धरली आहे आणि हाताने भरलेला पंच दोघांच्या सहीशिवाय बिलात धरला जात नाही. बोट नोंदवताना आमच्या दोघांपैकी एक जण समोर असतो, ओळखपत्र पाहतो आणि कोणतं बोट घेतलं ते रजिस्टरमध्ये लिहितो. ज्याच्या टोळीची हजेरी आहे, त्याच्याकडे मशीनचा पासवर्डही नाही आणि मिस पंच भरायचं लॉगिनही नाही. अंतरांचा तो रकाना मी दर महिन्याला बिल हातात घेण्याआधी काढते, त्याला अर्धा तास पुरतो.