तीन हप्त्यांची सुट्टी घेतली, कर्ज पाच महिन्यांनी लांबलं: वैयक्तिक कर्जाच्या स्टेटमेंटवरून मांडलेला हिशोब

मी बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत कामाला आहे. 2024 च्या पावसाळ्यात ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला आणि पगार निम्म्यावर आला. त्या वेळी माझ्या बँकेनं वैयक्तिक कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सुट्टी देऊ केली आणि मी ती घेतली. सुट्टी संपून बरेच महिने झाले आहेत, नियमित हप्ते चालू आहेत, त्यामुळे आता स्टेटमेंट समोर ठेवून नीट सांगता येईल.

कर्ज 3,50,000 रुपयांचं, व्याज 15 टक्के, मुदत 48 महिने, हप्ता 9,741. पहिला हप्ता 5 जुलै 2023 ला गेला, म्हणजे शेवटचा 5 जून 2027 ला जायचा होता. जून 2024 चा बारावा हप्ता गेल्यावर शिल्लक मुद्दल होतं 2,80,991.

पुढच्या तीन महिन्यांच्या नोंदींत हप्ता जमा नाही, फक्त व्याज नावे पडलेलं दिसतं: जुलैला 3,512, ऑगस्टला 3,556, सप्टेंबरला 3,601. दर महिन्याला आकडा वाढतो, कारण आधीच्या महिन्याचं न भरलेलं व्याज मुद्दलात चढतं आणि पुढचं व्याज त्या वाढलेल्या रकमेवर लागतं. तिन्ही मिळून 10,669 झाले आणि सप्टेंबरअखेर शिल्लक 2,91,660 वर गेली. चेक बाउन्स किंवा दंडाची एकही नोंद नाही. मंजूर सुट्टीत ती नसायलाच हवी, तुमच्या स्टेटमेंटमध्ये दिसली तर लगेच तक्रार करा.

खरी मेख तारखेची आहे. शाखेत मी विचारलं होतं, "साहेब, कर्ज किती पुढे जाणार?" उत्तर मिळालं, "तीन हप्ते, म्हणजे तीन महिने." मेसेजमध्येही तीन हप्ते पुढे ढकलल्याचंच लिहिलं होतं. पण सुधारित परतफेड तक्ता मागून घेतला, तर त्याच्या शेवटच्या ओळीत नोव्हेंबर 2027 होतं. म्हणजे पाच महिने.

हे दोन जास्तीचे महिने कुठून आले ते स्टेटमेंटमध्येच सापडतं. ऑक्टोबरच्या 9,741 मधले 3,646 व्याजाला गेले, मुद्दलात 6,095 वळले आणि शिल्लक 2,85,565 राहिली. नोव्हेंबरच्या हप्त्यानंतर ती 2,79,394 झाली. जूनमध्ये ती 2,80,991 होती हे आठवा. म्हणजे सुट्टीनंतरचे दोन पूर्ण हप्ते मला जूनच्या जागेवर परत आणण्यातच खर्च झाले. तिथून जूनसारखेच आणखी 36 हप्ते, फक्त शेवटचा 7,226 चा.

आता एकूण जास्तीचं व्याज. बरेच जण 10,669 वर थांबतात, पण हप्ता तोच ठेवला तर आकडा तो नाही. सुट्टी घेतली नसती तर जून 2024 नंतर मी साधारण 3,50,660 भरले असते. आता 37 हप्ते 9,741 चे आणि शेवटचा 7,226 चा, म्हणजे 3,67,643. फरक जवळपास 17,000 रुपये. मुद्दलात चढलेल्या त्या रकमेवर 2027 पर्यंत व्याज चालू राहतं, म्हणून हा आकडा फुगतो.

तो कमी करायचा एक सरळ मार्ग आहे. सुट्टी संपताक्षणी ते 10,669 रुपये एकरकमी भरायचे. मुद्दल परत 2,80,991 होतं, कर्ज सप्टेंबर 2027 ला संपतं आणि जास्तीचा खर्च तेवढ्यावरच थांबतो. माझ्या करारात अंशतः परतफेडीवर 2 टक्के शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे सुमारे 252 रुपये. तेवढे देऊनही सहा हजार वाचतात. ऑक्टोबरमध्ये माझ्या हातात तेवढी रक्कम नव्हती, पण ज्याच्याकडे असेल त्यानं पहिलं काम हेच करावं. करारातली अट मात्र आधी वाचा, काही बँका ठरावीक हप्त्यांआधी अंशतः रक्कम घेत नाहीत.

आमच्याकडे अजून काही जण म्हणतात की कोरोनावेळचं व्याजावरचं व्याज परत मिळालं होतं, तसं हेही मिळेल. ते मार्च ते ऑगस्ट 2020 या काळापुरतं होतं. बँकेनं स्वतःहून दिलेल्या आताच्या सुट्टीला ते लागू नाही.

माझं मत विचाराल तर, त्या तीन महिन्यांत हप्ते बाउन्स होऊन सिबिल बिघडण्यापेक्षा ही सुट्टी बरी होती. पण पगार नियमित येत असताना नुसते हात मोकळे व्हावेत म्हणून घेऊ नये, आणि कर्जाच्या पहिल्या वर्षा-दीड वर्षात तर नकोच. तेव्हा मुद्दल मोठं असतं, त्यावर चढणारं व्याजही मोठं असतं आणि ते फिटायला उरलेली वर्षंही जास्त असतात.

एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. खात्यातून हप्ता कापायची नॅच परवानगी कधीपर्यंत आहे ते पाहून घ्या. माझी जून 2027 पर्यंतचीच होती, त्यामुळे जुलै 2027 पासूनचे पाच हप्ते आपोआप कापले गेले नसते. मी शाखेत जाऊन नवी नॅच नोंदवली आणि तिची अखेरची तारीख 2027 च्या डिसेंबरपर्यंत ठेवली.