गरम प्लग काढून थंड प्लग बसवल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

माझ्या मोटारसायकलचे इंजिन जुन्या पद्धतीचे आहे: एकच सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारे आणि कार्बोरेटरवर चालणारे. त्यासाठी उत्पादकाच्या पुस्तिकेत एनजीकेचा बीपी८ईएस हा स्पार्क प्लग सांगितलेला आहे. प्रत्यक्षात मात्र इंजिनात बीपी६ईएस होता. प्लगला वारंवार कार्बन धरतो, या तक्रारीवर उपाय म्हणून एका वर्कशॉपने तो बसवला होता. त्याने कार्बनची तक्रार मिटली, पण लांब चढावर ओझे घेऊन फुल थ्रॉटलवर गाडी चालवली की काही वेळाने इंजिनाची ओढ कमी होऊ लागे, आणि वर पोहोचून स्विच बंद केल्यावरही इंजिन दोन-तीन आचके देऊन मगच थांबे. पुस्तिकेतला ८ क्रमांकाचा प्लग परत बसवून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात प्लग अनेकदा बाहेर काढून पाहिला, आणि जे दिसले ते येथे लिहीत आहे.

प्लगवरील ६ आणि ८ हे आकडे हीट रेंजचे आहेत. एनजीकेच्या क्रमांकांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड असतो; बॉशच्या क्रमांकांत हे नेमके उलटे आहे, त्यामुळे एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नये. गरम प्लगची ठिणगी अधिक गरम असते, हा समज सर्रास आढळतो, पण ठिणगीचा येथे काहीच संबंध नाही. ज्वलनाची उष्णता प्लगच्या टोकाला लागते आणि ती पांढऱ्या इन्सुलेटरमधून प्लगच्या धातूच्या शरीरात, तेथून आटे आणि वॉशरमार्गे सिलिंडर हेडमध्ये उतरते. इन्सुलेटरचा आतला उघडा भाग लांब असेल तर हा रस्ता लांबतो, उष्णता सावकाश निघते आणि टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. हा भाग आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग. एका क्रमांकाच्या फरकाने टोकाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलते, म्हणजे माझ्या इंजिनातला प्लग पुस्तिकेतल्या प्लगपेक्षा दीडशे ते दोनशे अंश अधिक तापू शकत होता.

एवढा फरक धोक्याचा का ठरतो, हे टोकाला चालणाऱ्या तापमानाच्या मर्यादा पाहिल्या की कळते. साधारण ४५० अंश सेल्सियसच्या खाली टोकावरचा कार्बन जळून जात नाही, तो साठतो, आणि वीज ठिणगी न पाडता त्या थरातून शरीराकडे निसटते. साधारण ८०० अंशांच्या वर गेल्यावर टोक स्वतःच इतके तापलेले असते की ठिणगी पडण्याआधीच ते आतले मिश्रण पेटवते. हेच प्री-इग्निशन. वर्कशॉपने प्लगला खालच्या मर्यादेपासून दूर नेले आणि त्याच पावलाने वरच्या मर्यादेजवळ आणून ठेवले. सपाट रस्त्यावर ते कधी जाणवले नसते.

प्री-इग्निशन आणि नॉकिंग यांत अनेकांची गल्लत होते. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवरच पडते. त्यानंतर कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबामुळे एकदम भडकते आणि टकटक आवाज येतो. प्री-इग्निशनमध्ये ठिणगीच्या आधीच आग लागते, पिस्टन वर येत असतानाच दाब वाढू लागतो, आणि जणू कोणी टायमिंग बेसुमार पुढे ओढले आहे अशी इंजिनाची अवस्था होते. ज्वलन लवकर सुरू झाल्याने धातूला उष्णता अधिक वेळ मिळते, तापलेला ठिपका आणखी तापतो आणि पुढच्या फेरीत आग त्याहून लवकर लागते. हे चक्र वेग धरते तेव्हा पिस्टनच्या मध्यभागी भोक पडायला फार वेळ लागत नाही. आवाज मात्र बहुधा येत नाही. माझ्या बाबतीतही टकटक नव्हती, फक्त ओढ कमी होत होती आणि स्विच बंद केल्यावर आचके येत होते. जास्त ऑक्टेनचे इंधन हाही येथे खात्रीचा इलाज नाही, कारण ऑक्टेन दाबाने होणाऱ्या भडक्याला विरोध करते, तापलेल्या पृष्ठभागाला नव्हे. मेथॅनॉलचे ऑक्टेन उत्तम असूनही ते गरम पृष्ठभागावर सहज पेट घेते, आणि म्हणूनच त्यावर चालणाऱ्या इंजिनांत अधिक थंड प्लग लावतात.

काढलेला ६ क्रमांकाचा प्लग मी भिंगाखाली बराच वेळ पाहिला. इन्सुलेटरचे टोक तपकिरी नव्हते, राखाडीही नव्हते. ते खडूसारखे पांढरे होते आणि त्यावर काचेच्या बारीक थेंबांसारखे फुगवटे होते, म्हणजे साठलेला थर वितळून पुन्हा थिजला होता. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोलावल्या होत्या. सर्वांत बोलकी खूण बाजूच्या वाकलेल्या पट्टीवर होती. तापलेल्या धातूचा रंग जेथे बदलतो ती निळसर रेषा पट्टीच्या वळणापाशी असेल तर हीट रेंज योग्य मानतात. ती मोकळ्या टोकाजवळ राहिली तर प्लग जास्त थंड, आणि पट्टी जेथे शरीराला जोडलेली असते तेथपर्यंत उतरली तर जास्त गरम. माझ्या प्लगवर ती थेट जोडापर्यंत पोहोचली होती. इन्सुलेटरवर मिरपुडीसारखे चमकदार करडे ठिपकेही मी शोधले, कारण ते पिस्टनचे वितळून उडालेले ॲल्युमिनियम असते आणि ते दिसले असते तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते नव्हते, आणि कॉम्प्रेशनही ठीक भरले.

पांढरे टोक दिसले म्हणून लगेच प्लगला दोष देता येत नाही. मिश्रणात हवा जास्त असणे, कार्बोरेटरच्या रबरी नळीला चीर जाऊन बाहेरची हवा शिरणे, टायमिंग पुढे असणे, यांनीही असाच रंग येतो. म्हणून प्लग बदलण्याआधी नळी तपासली आणि स्ट्रोब लाइटने टायमिंग पाहिले. दोन्ही ठीक होते. आणखी एक कारण फार जण विसरतात, ते म्हणजे प्लग पुरेसा न आवळणे. उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये उतरत असल्याने सैल बसलेला योग्य प्लगसुद्धा गरम प्लगसारखा वागतो. वॉशर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग आधी हाताने पूर्ण बसवावा आणि मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवावा, म्हणजे वॉशर नीट दबतो. तोच प्लग पुन्हा बसवताना वॉशर आधीच दबलेला असल्याने हाताने बसवल्यावर फेऱ्याचा अगदी लहान भाग पुरतो. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने प्लग गरम असताना काढू नये. आटे ओढले जातात.

८ क्रमांकाचा प्लग लावल्यावर तोच चढ, तेवढेच ओझे आणि तसाच थ्रॉटल असताना ओढ शेवटपर्यंत टिकली आणि स्विच बंद करताच इंजिन थांबले. त्यानंतर आचके पुन्हा आलेले नाहीत. यावरून मी असे ठरवले की तापलेला ठिपका प्लगचाच होता. आचके तसेच राहिले असते तर पिस्टनवर साठलेला कार्बन किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची पातळ झालेली कडा यांच्याकडे पाहावे लागले असते, आणि तेथे कितीही थंड प्लग लावून काही साधले नसते.

पण पहिल्या काही आठवड्यांत जुनी तक्रार परत आली. थांबत-थांबत चालवण्यात प्लगवर कोरडी, मखमली काजळी धरू लागली आणि सकाळी इंजिन मिसफायर करू लागले. काजळी कोरडी आणि बोटाला लागणारी असेल तर ती जास्त पेट्रोलची किंवा कमकुवत ठिणगीची असते. ओली, चकचकीत आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येत असते. माझी कोरडी होती. शोध घेतल्यावर चोकचा प्लंजर पूर्ण बसत नसल्याचे आढळले, म्हणजे इंजिन सतत थोड्या चोकवर चालत होते. प्लंजरची झिजलेली रबरी सील बदलल्यावर काजळी थांबली. वर्कशॉपने हे मूळ दुखणे सोडून प्लग गरम केला होता, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

रंग वाचण्याची पद्धतही या महिन्यांत बदलली. गाडी सावकाश चालवत आणून, इंजिन आयडलवर ठेवून मग प्लग काढला तर शेवटच्या काही मिनिटांचाच रंग दिसतो. म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटलवर थोडे अंतर कापून, एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करायचे, गाडी तशीच घरंगळत थांबवायची आणि थंड झाल्यावर प्लग काढायचा. दुसरी गोष्ट म्हणजे ‘प्लग विटकरी दिसला पाहिजे’ हा सल्ला शिसे असलेल्या पेट्रोलच्या काळातला आहे. शिसेविरहित पेट्रोलवर निरोगी प्लगचे टोकही बरेच फिके, कधी जवळपास पांढरे राहते. त्यामुळे केवळ टोकाच्या रंगावर न जाता पृष्ठभाग गुळगुळीत आहे की फोडाळलेला, हे पाहावे. मिश्रणाचा अंदाज हवा असेल तर टॉर्च लावून खोलात, इन्सुलेटर शरीरात जेथे शिरतो तेथे, काजळीची कडी आहे का हे पाहावे. माझ्या प्लगवर आता तेथे बारीक करडी कडी आहे, टोक फिकट तपकिरी आणि कोरडे आहे, आणि निळसर रेषा वळणाच्या किंचित वर थांबलेली आहे. पट्टी हवी तेवढीच तापते आणि त्यापुढे नाही, असा याचा अर्थ.

उणीव एकच जाणवते. थंडीत चोक लावून सुरू केलेले इंजिन नीट गरम होण्याआधीच बंद केले, असे सलग काही वेळा झाले की ८ क्रमांकाचा प्लग कुरकुरतो. नंतर एकदा मोकळ्या रस्त्यावर चालवले की काजळी जळून जाते. ज्यांचे इंजिन माझ्यासारखेच आहे, पण वापर कायम जवळच्या फेऱ्यांचा आणि ओझ्याविना आहे, त्यांनी मिश्रण, चोक आणि ठिणगी तपासून झाल्यावर ७ क्रमांक वापरून पाहायला हरकत नाही, मात्र पट्टीवरची रेषा पाहत राहावी. ६ क्रमांक मी या इंजिनात पुन्हा लावणार नाही. येथे सांगितलेले सगळे कार्बोरेटरच्या साध्या इंजिनांना लागू आहे. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जे प्री-इग्निशन होते, त्यात ऑइलच्या थेंबांचा हात असतो आणि प्लगचा रंग पाहून त्याची चाहूल लागत नाही.