अर्जाचे दोन मसुदे : गुण की विहिरी?

पदवीच्या चौथ्या वर्षाच्या ‘संशोधनासह ऑनर्स’साठी लातूरकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीने अर्जातल्या निवेदनाचे दोन मसुदे आणले. विषय भूगोल.

पहिल्यात गुण, आवड आणि ‘मराठवाड्यातील दुष्काळाचा अभ्यास करायचा आहे’ एवढंच. पण यूजीसीच्या आराखड्यातली पहिल्या सहा सत्रांतल्या ७५ टक्क्यांची अट पूर्ण झाल्याचं गुणपत्रिकाच दाखवते. आणि आख्खा दुष्काळ १२ क्रेडिटच्या प्रबंधात मावत नाही.

दुसऱ्यात तिने गावातल्या नऊ विहिरींची पाणीपातळी दर रविवारी टेपने मोजल्याचं लिहिलं होतं. दोन विहिरींचे आकडे उगाच खाली-वर होत होते. तिनेच कारण शोधलं: मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलेली पातळी खरी नसते, पाणी भरून यायला वेळ लागतो. मग ती पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी मोजू लागली आणि आधीच्या चार आठवड्यांच्या नोंदी तिने बाजूला ठेवल्या. मला हेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. कुणी न सांगता चूक पकडता येते, हे त्यातून दिसतं.

उणीव एकच होती, मार्गदर्शकाकडून काय हवं ते नव्हतं. ‘विहिरींतल्या बेसाल्टच्या थरांचा अर्थ लावायला मदत लागेल’ ही ओळ आम्ही जोडली.