अखंड तुळई की एकावर एक दोन फळ्या?

जळगाव-धुळ्याकडे धाब्याच्या घराची तुळई बदलताना २०० मिमी उंचीचं लाकूड मिळालं नाही, की १०० मिमीचे दोन नग एकावर एक ठेवतात. रुंदी १०० मिमी, टेकूजवळ कातरबल, म्हणजे शेजारच्या छेदांना एकमेकांवरून सरकवू पाहणारं बल, १० किलोन्यूटन धरू.

अखंड तुळईत सरासरी कातर प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिमीला येणारं कातरबल, ०.५ न्यू/मिमी², पण उंचीच्या मधोमध, जिथे वाकण लाकडाला ना दाबतं ना ताणतं, त्या उदासीन अक्षावर दीडपट, ०.७५. कारण असं: शेजारच्या दोन छेदांतल्या वाकण-प्रतिबलांचा फरक वरच्या कडेपासून खाली साचत जातो आणि तो आडव्या कातरानेच पेलावा लागतो. अक्षापर्यंत सगळा फरक एकाच दिशेचा, म्हणून बेरीज वाढते. अक्षाखाली दिशा उलटते, बेरीज घटते आणि खालच्या कडेला शून्य होते.

सुट्या नगांत सांध्यावर कातर जवळपास शून्य. प्रत्येकाचा अक्ष वेगळा, तिथे पुन्हा ०.७५च. म्हणजे कातरात फरक नाही, पण नग एकमेकांवर घसरतात. वाकण-प्रतिबल दुप्पट, झोल चौपट. टोकाला वरचा नग सरकलेला दिसला की ओळखावं.

सांधा अखंडासारखा वागवायचा तर टेकूजवळ दर मीटरला ७५ किलोन्यूटन सरकबल बोल्टांनी पेलावं लागेल. थोड्या खिळ्यांचं ते काम नाही. भार सर्वत्र सारखा असेल तर बोल्ट टेकूंकडे दाट हवेत, मध्यावर कातरबल शून्य असतं. अखंड तुळईच घ्यावी, मात्र उन्हाने टोकाला मधोमध आडवी चीर गेलेली नको.